सातच्या आत जेवण आणि चोवीस तासांचा हिशोब

वजनाचा विषय निघाला की पाच मिनिटांत कोणीतरी घड्याळाकडे बोट दाखवतंच. रात्री उशिरा जेवता ना, मग पोट सुटणारच! बोट दाखवणारा कधी डॉक्टर असतो, कधी जिमचा ट्रेनर, तर कधी नुकतेच चार किलो उतरवलेले शेजारचे काका. सल्ला मात्र एकच: सातच्या आत जेवा. संध्याकाळी सातला सीएसएमटीच्या फलाटावर कल्याण लोकलची वाट बघणाऱ्या माणसाला हा सल्ला पाळायचा तर नोकरी तरी सोडावी लागेल, नाहीतर घर तरी बदलावं लागेल. तो बिचारा वाद घालत नाही. साडेदहाला पानावर बसतो, मनातल्या मनात अपराधी होतो आणि जेवतो.

या अपराधी भावनेमागे एक सिद्धांत आहे आणि तो ऐकायला अगदी पटण्यासारखा आहे. दिवसा माणूस हिंडतो-फिरतो, म्हणून खाल्लेलं जळतं. रात्री तो आडवा होतो, चयापचय मंदावतो, जाळायला कोणी नसतं, म्हणून तेच अन्न चरबी होऊन पोटावर बसतं. म्हणजे तीच पोळी दुपारी एकला निरुपद्रवी आणि रात्री साडेदहाला घातक. सूर्यास्तापूर्वी जेवण्याची जैन परंपरा आणि रात्रीचं जेवण हलकं असावं ही आयुर्वेदातली शिकवण, या दोन्हींचा आधारही या सिद्धांताला आयताच मिळतो. खरं तर त्या दोन्हींचा रोख वजनाच्या काट्याकडे नव्हता. एकीचा पाया अहिंसा, दुसरीचा पचन. पण जुन्या गोष्टीला नवं कारण चिकटवायला आपल्याकडे वेळ लागत नाही.

सिद्धांत तपासायचा तर आधी शरीराचा जमाखर्च नीट मांडावा लागतो. पासष्ट किलो वजनाचा, कार्यालयात बसून काम करणारा एक पुरुष घेऊ. त्याचा दिवसाचा खर्च साधारण २२०० कॅलरी धरला, तर त्यातल्या दीड हजारांच्या आसपास कॅलरी नुसतं जिवंत राहण्यात जातात. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंड आणि शरीराचं तापमान सांभाळणं, हा सगळा खर्च त्यात येतो. दहाएक टक्के अन्न पचवण्यात जातात. उरलेल्या चालण्या-बसण्या-उठण्यात. यातला सर्वांत मोठा आकडा पहिला आहे आणि तो झोपेत थांबत नाही. गाढ झोपेतही हा माणूस तासाला साठेक कॅलरी खर्च करत असतो. जागेपणी स्वस्थ पडून राहिला असता तर जेवढा खर्च झाला असता, त्याहून हा आकडा थोडासाच कमी. सात तासांच्या झोपेत चारशेच्या वर कॅलरी उडतात. ‘रात्री जाळायला कोणी नसतं’ हे विधान इथेच पडतं.

दुसरी गोष्ट चरबी साठण्याची. प्रत्येक जेवणानंतर, मग ते सकाळी आठचं असो की रात्री दहाचं, काही तास शरीर साठवण्याच्या कामात असतं. इन्सुलिन वाढतं, साखर यकृतात आणि स्नायूंत भरली जाते, जेवणातली चरबी मेदपेशींकडे जाते. नंतर दोन जेवणांच्या मधल्या वेळेत उलटा व्यवहार सुरू होतो. साठा बाहेर निघतो आणि खर्ची पडतो. रात्रभराच्या उपवासात तर पहाटेपर्यंत यकृतातला साखरेचा साठा बराच उतरतो आणि शरीर जास्त जास्त चरबीवर चालू लागतं. साडेदहाला जेवलेला माणूस सकाळी साडेआठला नाश्ता करत असेल, तर त्याच्याही वाट्याला मधे दहा तास येतातच. रात्री अकराला पोटाच्या मेदपेशींत चरबी जमा झाली, हे खरं आहे. पहाटे पाचला त्यातलीच चरबी बाहेर पडली, हेही तितकंच खरं. दिवसाअखेर, आठवड्याअखेर, महिन्याअखेर शिल्लक किती राहिली, यावर वजन ठरतं. एका जेवणानंतरच्या तीन तासांकडे बघून निकाल देणं म्हणजे पासबुकातली फक्त जमेची बाजू वाचणं.

मग लोकांना अनुभव उलटा का येतो? अनेकांनी तो स्वतः घेतलेला असतो. लग्नाच्या रिसेप्शनला अकराला जेवलं की सकाळी काटा किलोभर पुढे. पुरावा डोळ्यांसमोर, तोही डिजिटल.

या पुराव्याची उलटतपासणी सोपी आहे. शरीरात एक किलो चरबी वाढायची तर खर्च भागून वर सुमारे ७७०० कॅलरी उराव्या लागतात. घरच्या तेल लावलेल्या एका पोळीच्या साधारण १२० कॅलरी धरल्या, तर हे चौसष्ट पोळ्यांचं काम झालं, आणि तेही रोजच्या जेवणाव्यतिरिक्त. रिसेप्शनला कितीही हात मारला तरी एवढं कोणी खात नाही. काट्यावर दिसतं ते वेगळंच. अकराला पोटात गेलेलं पाऊण किलो अन्न आणि वरचं पाणी सकाळी सातपर्यंत बरंचसं आतच असतं. बाहेरच्या जेवणात मीठ जास्त, ते पाणी धरून ठेवतं. पुलाव, नान, गुलाबजाम यांतली साखर स्नायूंत साठते तेव्हा आपल्या वजनाच्या तिप्पट पाणी सोबत ठेवते. शिवाय सातला जेवून सकाळी सातला वजन केलं, तर श्वास, घाम आणि लघवी यांतून वजन उतरायला बारा तास मिळतात. अकराला जेवलं तर आठच. दोन दिवस नेहमीचं जेवण झालं की काटा आपोआप मागे येतो, पण तोवर निष्कर्ष पक्का झालेला असतो.

इथपर्यंतचा युक्तिवाद कागदावरचा आहे. खरी परीक्षा माणसांवरच्या प्रयोगात, आणि इथे योगायोग मोठा गमतीचा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘सेल मेटाबॉलिझम’ या शास्त्रीय नियतकालिकाच्या एकाच अंकात, एकापाठोपाठ, दोन शोधनिबंध छापून आले. एक अमेरिकेतल्या बोस्टनचा, दुसरा स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनचा. विषय जवळपास एकच. वर्तमानपत्रांनी मथळे केले ते मुख्यतः पहिल्याचे. दोन्ही शेजारी ठेवून वाचले तर प्रश्न बराच उलगडतो.

बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये फ्रँक शीर यांच्या प्रयोगशाळेने सोळा जणांना घेतलं. सगळे जादा वजनाचे किंवा स्थूल. प्रत्येकाला दोनदा प्रयोगशाळेत ठेवलं. एका खेपेला जेवणं लवकर, दुसऱ्या खेपेला तीच जेवणं चार तासांहून थोडी अधिक पुढे ढकललेली. अन्न तेच आणि तेवढंच, झोपेच्या वेळा त्याच, उजेड मंद आणि ठरलेला, हालचालही ठरलेली. घड्याळ सोडून काहीच बदललं नाही. अशा काटेकोर प्रयोगात जे सापडलं ते उशिरा जेवण्याच्या विरुद्धच गेलं. उशिराच्या खेपेला भूक लागण्याची शक्यता दुप्पट झाली, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन हे संप्रेरक कमी झालं, आणि जागेपणीचा ऊर्जाखर्च सुमारे पाच टक्क्यांनी, म्हणजे साठेक कॅलरींनी घटला. काही जणांच्या पोटावरच्या चरबीचे बारीक नमुने काढून तपासले, तर त्यांतल्या जनुकांचं कामही साठवणीच्या बाजूला झुकलेलं दिसलं.

मग ‘सातच्या आत’वाले बरोबर म्हणायचे का? साठ कॅलरी म्हणजे ग्लुकोजची दोन-तीन बिस्किटं. ही घट वर्षानुवर्षं टिकली असं गृहीत धरू. साधा गुणाकार केला तर वर्षाला पावणेतीन किलो येतात, पण तो गुणाकार चुकतो, कारण वजन वाढलं की वाढलेलं शरीर पोसायचा खर्चही वाढतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असताना केविन हॉल यांनी या परिणामासह जी आकडेमोड मांडली, तिच्यानुसार रोजच्या दर चोवीस कॅलरींच्या कायमच्या फरकामागे शेवटी साधारण एक किलो वजन बदलतं, आणि त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात. म्हणजे साठ कॅलरींचे झाले अडीच किलो, तेही काही वर्षांत गाठायचे. हा आकडा शून्य नाही. पण ‘उशिरा जेवलास म्हणून पोट सुटलं’ या वाक्यात जे पोट अभिप्रेत असतं, ते अडीच किलोंचं नसतं.

शिवाय या प्रयोगाने वजन मोजायचा दावाच केला नव्हता. प्रत्येक मुक्काम काही दिवसांचा, त्यात वजन काय बदलणार? दिसली ती शरीराची प्रवृत्ती. तिचं रूपांतर महिनाभरात किलोंमध्ये होतं का, हे बघायला पुढचा निबंध उघडावा लागतो.

अ‍ॅबर्डीनमध्ये अलेक्झांड्रा जॉन्स्टन यांच्या गटाने जादा वजनाच्या तीस जणांना दोन वेळा, चार-चार आठवडे, कमी उष्मांकांच्या आहारावर ठेवलं. सगळं अन्न संस्थेनेच शिजवून, वजन करून दिलं. एका खेपेला दिवसाच्या उष्मांकांपैकी ४५ टक्के सकाळी, ३५ दुपारी आणि २० रात्री. दुसऱ्या खेपेला बरोबर उलट: सकाळी २० आणि रात्री ४५. खर्च मोजायला त्यांनी या क्षेत्रातली सर्वांत विश्वासार्ह पद्धत वापरली. माणसाला एक विशेष पाणी प्यायला देतात, ज्यातल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू नेहमीपेक्षा जड असतात. जड हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो. जड ऑक्सिजन पाण्यावाटेही पडतो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोघांच्या घटण्याच्या वेगातला फरक लघवीच्या नमुन्यांतून काढला की माणसाने घरी, बाजारात, झोपेत मिळून किती कार्बन डायऑक्साइड सोडला आणि त्यावरून किती ऊर्जा खर्चली, हे कळतं. तोंडावर मुखवटा नाही, खोलीत कोंडणं नाही.

निकाल असा: सकाळी भरपूर खाल्लं तेव्हा वजन सरासरी ३.३३ किलो उतरलं. रात्री भरपूर खाल्लं तेव्हा ३.३८ किलो. एकूण ऊर्जाखर्चात फरक सापडला नाही. एक फरक मात्र ठळक होता. सकाळी जास्त खाणाऱ्यांना दिवसभर भूक कमी लागली.

आता दोन्ही निबंध एकत्र वाचावेत. खर्चाच्या बाबतीत ते एकमेकांशी भांडतात. बोस्टनला थोडी घट दिसली, अ‍ॅबर्डीनला मोकळ्या आयुष्यातल्या चार आठवड्यांत ती दिसली नाही. भुकेच्या बाबतीत मात्र दोघे एका सुरात बोलतात: खाणं दिवसाच्या उत्तरार्धात ढकललं की भूक वाढते. अ‍ॅबर्डीनच्या मंडळींना ती वाढलेली भूक भागवायची सोय नव्हती, कारण ताटात किती वाढायचं हे संस्था ठरवत होती. घरी असं कोणी वजन करून वाढत नाही. घरी फ्रिज असतो, फडताळ असतं आणि फडताळात डबे असतात.

हा धागा हाती आला की उशिराच्या जेवणाविरुद्धचा सर्वांत गाजलेला पुरावाही वेगळा दिसू लागतो. इस्रायलमधल्या डॅनिएला याकुबोविच यांच्या गटाने २०१३ मध्ये स्थूल स्त्रियांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ९३ स्त्रिया, १४०० कॅलरींचा आहार, बारा आठवडे. एका गटाला सकाळी ७००, दुपारी ५०० आणि रात्री २०० कॅलरी. दुसऱ्याला उलट, २००, ५०० आणि ७००. पहिल्या गटाचं वजन सरासरी ८.७ किलो उतरलं, दुसऱ्याचं ३.६. फरक पाच किलोंहून अधिक! नाश्ता राजासारखा करा म्हणणाऱ्यांच्या भाषणात हा प्रयोग हमखास येतो.

पण बेरीज करून पाहावी. ५.१ किलो गुणिले ७७०० म्हणजे ३९ हजारांच्या वर कॅलरी. ८४ दिवसांत वाटल्या तर रोजच्या सुमारे ४६५. उतरलेल्या वजनात काही भाग पाण्याचा आणि स्नायूंचा धरला तरी आकडा साडेतीनशेच्या खाली सहज जात नाही. दोन्ही गटांनी खरोखरच १४०० कॅलरी खाल्ल्या असतील, तर रात्री खाणाऱ्या गटाचा ऊर्जाखर्च रोज साडेतीनशे-चारशेंनी कमी व्हायला हवा होता. प्रयोगशाळेच्या चार भिंतींत, सगळं नियंत्रणात ठेवून, बोस्टनला सापडले ते साठ. उरलेले तीनशे कुठून आले? या स्त्रिया आपापल्या घरी राहत होत्या, स्वयंपाक आणि वाढणं त्यांच्याच हाती होतं. २०० कॅलरींचा नाश्ता करून दिवस काढणाऱ्या बाईला भूक जास्त लागत होती, हे त्याच प्रयोगात नोंदलेलं आहे. सर्वांत सरळ उत्तर हेच की ती थोडं जास्त खात होती आणि ते वहीत येत नव्हतं. यात लबाडी नाही. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका प्रसिद्ध अभ्यासात ‘आम्ही काहीच खात नाही तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या लोकांचं खाणं जड पाण्याच्या याच पद्धतीने पडताळलं, तेव्हा ते प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी नोंदवत होते असं निघालं. त्यांचा चयापचय मात्र व्यवस्थित होता.

म्हणजे घड्याळाचा परिणाम वजनावर होतो, पण तो हिशोबाला वळसा घालून होत नाही. होतो तो हिशोबातून, आणि मुख्यतः जमेच्या बाजूने.

अन्न पचवायला सकाळी जास्त ऊर्जा लागते, असाही एक युक्तिवाद अधूनमधून येतो. जर्मनीतल्या ल्युबेक विद्यापीठाने २०२० मध्ये सोळा पुरुषांवर मोजमाप करून तेच अन्न पचवण्याचा खर्च सकाळी रात्रीच्या अडीच पट दिसल्याचं सांगितलं. ते मोजमाप खोटं नव्हतं, त्याचं वाचन अपुरं होतं. जेवणानंतरच्या खर्चातून जेवणापूर्वीचा खर्च वजा करतात, तेव्हा जेवणापूर्वीचा आकडा पुढचे काही तास तेवढाच राहील असं धरलेलं असतं. पण विश्रांतीचा खर्च स्वतःच सकाळपासून चढत जातो आणि रात्री उतरतो. सकाळी ही नैसर्गिक चढण जेवणाच्या खात्यात जमा होते, रात्री उतरण वजा होते. अ‍ॅबर्डीनच्याच संशोधकांनी ही चढउतार हिशोबात धरली तेव्हा सकाळ-रात्रीचा फरक जवळजवळ नाहीसा झाला. उंदरांवरच्या प्रयोगांबद्दलही सावध राहायला हवं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात २००९ मध्ये झोपेच्या वेळी तुपट खाणं दिलेले उंदीर जागेपणी खाणाऱ्यांपेक्षा कितीतरी जाड झाले, हे खरं. पण त्यांच्यावर केलेली सक्ती जवळपास पूर्ण दिवस-रात्र उलटवण्याची होती. साडेसातचं जेवण साडेदहाला करणाऱ्या कारकुनाची गोष्ट ती नव्हे.

माणसांचाच मोठा दाखला हवा असेल तर रमजान आहे. महिनाभर कोट्यवधी लोक सूर्यास्त ते पहाट एवढ्याच वेळात खातात-पितात. इफ्तारनंतर मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर मध्यरात्रीही गर्दी हटत नाही. रात्री खाल्लेलं आपोआप अंगावर बसत असतं, तर दर रमजानला वजनाची एक लाट दिसायला हवी होती. अनेक देशांतल्या अभ्यासांत सरासरी दिसतं ते उलटं, किलोभराच्या आसपास घट, जी पुढच्या काही आठवड्यांत भरून निघते. काहींचं वजन वाढतंही. पण ते इफ्तारच्या पानात काय आणि किती होतं यावर जातं. त्याच इस्रायलमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर स्थूल पोलिसांना कमी उष्मांकांच्या आहारातले पिष्टमय पदार्थ बहुतेक रात्रीच्या जेवणात दिले. सहा महिन्यांनी त्यांचं वजन आणि पोटाचा घेर नेहमीसारखं विभागून खाणाऱ्या गटापेक्षा थोडा जास्तच उतरला होता. रात्रीचा भात वर्ज्य मानणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा वाचायला हरकत नाही.

आता कल्याण लोकलमधल्या त्या माणसाकडे परत जाऊ. समजा तो डोंबिवलीला राहतो, दुपारी एकला डबा खातो, रात्री साडेदहाला घरी जेवतो. रात्रीच्या पानात दोन पोळ्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण आणि मध्यम वाटी भात. घरगुती अंदाजाने दोन पोळ्यांच्या २४०, भाजीच्या १२० (त्यातला मोठा भाग फोडणीच्या तेलाचा), वरणाच्या १२०, भाताच्या १९० धराव्यात. झाल्या ६७०. हे पान साडेसातला मांडलं काय आणि साडेदहाला मांडलं काय, बेरीज ६७०च.

पण दुपारी एक ते रात्री साडेदहा या साडेनऊ तासांत तो काय करतो? साडेपाचला कार्यालयात साखरेचा चहा आणि दोन बिस्किटं, शंभर-सव्वाशे कॅलरी. स्टेशनवर एक वडापाव, तीनशेच्या आसपास. घरी आल्यावर पान वाढेपर्यंत हाताशी चिवड्याचा डबा, आणि तळलेल्या चिवड्याच्या दोन मुठी सहज दोनशेवर जातात. जेवून टीव्हीसमोर बसलं की काहीतरी गोड. साडेसातला जेवणाऱ्या त्याच्या निवृत्त वडिलांच्या दिवसात यातलं जवळपास काहीच नाही, कारण त्यांच्या दोन जेवणांत एवढं अंतरच पडत नाही. म्हणजे उशिराच्या जेवणाने सहाशेच्या वर कॅलरी आणल्या, पण त्या साडेदहाच्या पानात नाहीत. त्या आहेत मुख्यतः साडेपाच आणि साडेदहाच्या मधल्या भुकेत. आणि तिकडे हा माणूस अपराधी होऊन काय सोडतो? वरणभात! पानातला सर्वांत समाधान देणारा भाग तो कमी करतो, अर्धपोटी उठतो आणि अकराला पुन्हा डबा उघडतो.

झोपेची भर वेगळीच. साडेदहाला जेवणारा बहुधा साडेबाराला झोपतो आणि सहाला उठतो. शिकागोमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या जादा वजनाच्या ऐंशी जणांपैकी अर्ध्यांना झोप वाढवायला मदत केली. झोप रोज सव्वा तासाच्या आसपास वाढली आणि आहाराबद्दल एक शब्द न सांगताही त्यांचं खाणं दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे २७० कॅलरींनी कमी भरलं. लोकसंख्येच्या पाहण्यांत उशिरा जेवणारे जाड दिसतात, त्यात जागरण, दारू, बाहेरचं खाणं, बुडवलेला नाश्ता हे सगळं मिसळलेलं असतं. पाहणी करणाऱ्याला यातलं कोणतं किती हे वेगळं काढणं कठीण, आणि बातमी लिहिणाऱ्याला त्याची गरज वाटत नाही.

डोंबिवलीकराला हे स्वतःवर तपासता येईल. त्याने पंधरा दिवस रात्रीचं पान साडेदहालाच ठेवावं, पण सहाच्या सुमारास वडापावऐवजी पोट धरेल असं काहीतरी खावं. उसळ आणि एक पोळी, किंवा मूठभर फुटाणे आणि ताक. चिवड्याचा डबा बंद. वजन रोज सकाळी, लघवी झाल्यावर, काही खाण्यापिण्यापूर्वी करावं. तुलना मात्र एका दिवसाची दुसऱ्या दिवसाशी न करता सात दिवसांच्या सरासरीची पुढच्या सात दिवसांच्या सरासरीशी करावी, म्हणजे मीठ आणि पाणी यांचे खेळ बाजूला पडतात. घड्याळ तेच राहून सरासरी खाली सरकली, तर दोष कशात होता ते दिसेल. न सरकली, तर वही पुन्हा तपासावी. फोडणीचं तेल पळीने ओततात की चमच्याने मोजतात, ही चौकशी त्यात पहिली.

उशिरा जेवण्याचे तोटे नाहीत असा याचा अर्थ कोणी काढू नये. तेच जेवण संध्याकाळी केलं तर रक्तातली साखर सकाळपेक्षा जास्त चढते, हे शीर यांच्याच प्रयोगशाळेने निरोगी माणसांवर दाखवलेलं आहे, आणि मधुमेह्याला ही चढण परवडणारी नसते. जेवून लगेच आडवं झालं की जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर येतं. छातीत जळजळ होणाऱ्याने जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवणं शहाणपणाचंच. रात्री-अपरात्री उठून खाल्ल्याशिवाय झोप न येणाऱ्यांची अवस्था तर वेगळीच आहे. अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५५ मध्येच तिचं वर्णन केलं होतं आणि तिला उपचार लागतात, सल्ले पुरत नाहीत. या प्रत्येकाला लवकर जेवायला सांगण्यामागे कारण आहे, पण ते ‘चरबी बनते’ हे नव्हे.

रात्रपाळीचाही विचार वेगळा करावा लागतो. कोलोरॅडो विद्यापीठाने चौदा निरोगी माणसांना प्रयोगशाळेत रात्रपाळी करायला लावली, तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्रीच्या दिवसांत एकूण खर्च सुमारे तीन टक्क्यांनी घटला. इथे जेवण उशिरा होतं एवढंच नाही, सगळी झोपच उलटलेली असते. चाकणच्या कारखान्यात पहाटे तीनला कँटीनमध्ये जेवणारा कामगार आणि साडेदहाला घरी जेवणारा कारकून यांना एकच नियम लावण्यात अर्थ नाही. त्या कामगाराचं पहाटेचं जेवण त्याच्या घड्याळात दुपारचं असतं, आणि बटाटावड्याच्या घाण्याऐवजी कँटीनमध्ये त्या वेळी वरण-पोळी-उसळ मिळते की नाही, याने त्याच्या महिन्याच्या हिशोबात जेवणाच्या वेळेपेक्षा मोठा फरक पडतो. दोन पाळ्यांच्या मधे त्याला अंधाऱ्या खोलीत सलग सात तास झोपायला मिळतं का, हा त्यापुढचा प्रश्न.